लाईट जाणाऱ्या गावात फोनचे फोटो घरच्या नॅसवर आपोआप कसे आणायचे

प्रश्न: आमचं गाव दारव्हा तालुक्यात. घरात चार फोन, त्यात आईबाबांचेही. गुगलचे १५ जीबी केव्हाच भरले आणि दर महिन्याला पैसे भरायची इच्छा नाही. ८ जीबी रॅमचा जुना डेस्कटॉप पडून होता, त्यात ४ टीबीची नवी डिस्क टाकली. तोच आता नॅस, म्हणजे घरातल्या सगळ्या फोनचं सामान ठेवायची जागा, म्हणून वापरायचा आहे. कोणी हात न लावता फोटो त्यात जावेत आणि फोन रिकामे व्हावेत, एवढंच पाहिजे. पण लाईटीचा भरवसा नाही, घरी इन्व्हर्टर आहे, आणि नेट सिमवाल्या राउटरचं आहे. कसं करू?

उत्तर: भाऊ, नेटची काळजी आधी बाजूला ठेवा. फोन आणि नॅस एकाच राउटरवर असले की फोटो फोनमधून राउटरकडे आणि तिथून नॅसकडे जातो, घराबाहेर पडतच नाही. रिचार्ज संपलेला असो की टॉवर बंद, अपलोड चालूच राहतं. हिशेब करून बघा. चार फोनमध्ये मिळून १८० जीबी जुने फोटो-व्हिडिओ आहेत असं धरू. सिमवाल्या नेटला अपलोडचा वेग ३ एमबीपीएस मिळाला, तर एवढं क्लाउडवर चढवायला न थांबता साडेपाच दिवस लागतील, आणि रोजचा डेटा त्याच्या कितीतरी आधी संपेल. घरातल्या साध्या वायफायवर सेकंदाला ४ एमबी सरकले तरी तेच काम साडेबारा तासांत होतं. फक्त नॅस राउटरला केबलनेच जोडा. फोनही वायफायवर आणि नॅसही वायफायवर असला की प्रत्येक फोटो एकाच हवेतून दोनदा जातो आणि वेग जवळपास अर्धा होतो.

तुमच्या डेस्कटॉपवर लिनक्स टाकून डॉकर नावाच्या साधनात इमिच हा फोटो साठवणारा प्रोग्राम चालवा. प्ले स्टोअरवर त्याचं अ‍ॅप Immich नावाने आहे, फुकट आहे, आणि प्रत्येक माणसाचं खातं वेगळं ठेवता येतं. ८ जीबी रॅम त्याला पुरते. फोटोंचा फोल्डर ४ टीबीच्या डिस्कवर ठेवा. घरात जुनी छोटी एसएसडी असेल तर सिस्टिम आणि इमिचचा डेटाबेस तिच्यावर ठेवा, म्हणजे फोटोंची यादी उघडताना अडखळत नाही. मग राउटरच्या पानावर जाऊन `Address Reservation` मध्ये नॅसचा पत्ता पक्का करा. हे राहून गेलं की एखाद्या दिवशी लाईट जाऊन आल्यावर राउटर नॅसला वेगळाच पत्ता देतो, चारही फोन जुन्या पत्त्यावर शोधत बसतात आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. पत्ता पक्का झाला की प्रत्येक फोनच्या अ‍ॅपमध्ये तो असा टाकायचा:

```
http://192.168.1.20:2283
```

अ‍ॅपमध्ये बॅकअपच्या पानावर अल्बम निवडायचे असतात. Camera निवडाच. व्हॉट्सअ‍ॅपच्या फोल्डरचा मात्र विचार करा. त्यात सकाळच्या शुभेच्छा, प्रचाराचे व्हिडिओ आणि मधूनच नातवाचा खरा फोटो, असं सगळं एकत्र असतं. माझा सल्ला असा की आईबाबांच्या फोनमध्ये ते चालू ठेवावं, कारण त्यांच्याकडे घरातले बरेच फोटो त्याच वाटेने येतात. बाकीच्यांनी बंद ठेवावं.

इथपर्यंतचं काम एका दुपारी होतं. पुढे अडचण येते ती फोनकडून.

अँड्रॉइडचे बरेच फोन बॅटरी वाचवायला मागे चालणारी अ‍ॅप बंद करतात. आपण अ‍ॅप लावतो, पहिल्या रात्री सगळे फोटो चढतात, आपण खूश होतो, आणि आठवडाभराने काहीच चढत नाही. म्हणून प्रत्येक फोनमध्ये सेटिंग्जच्या अ‍ॅप्समध्ये Immich उघडा, Battery मध्ये जा आणि `Unrestricted` निवडा. रेडमी-पोकोसारख्या फोनवर त्याशिवाय `Autostart` वेगळं चालू करावं लागतं. त्याच पानावर खाली `Pause app activity if unused` किंवा त्याच अर्थाचं एक बटण असतं, ते बंद करा. आईबाबांच्या फोनसाठी हे बटण सर्वांत महत्त्वाचं आहे. काही महिने एखादं अ‍ॅप कोणी उघडलंच नाही, तर अँड्रॉइड त्याच्या परवानग्या स्वतःहून काढून घेतं. आणि आपल्याला तर आईने ते अ‍ॅप कधी उघडावंच लागू नये असं हवं आहे.

परवानगीचा दुसरा घोटाळा याहून फसवा आहे. नव्या अँड्रॉइडमध्ये अ‍ॅप पहिल्यांदा फोटो मागतं तेव्हा दोन पर्याय येतात: सगळे फोटो द्या, किंवा निवडक द्या. आपल्या भागातल्या एका घरी बाबांच्या फोनमधून फोटो येणं थांबलं म्हणून मला बोलावलं होतं. अ‍ॅप चालू, बॅटरीची सेटिंग बरोबर, नॅसही ठीक. बॅकअपच्या पानावर बाकी शून्य दाखवत होतं, म्हणजे सगळं चढलेलं. पण एकूण फोटो दाखवत होतं चाळीसच्या आसपास, आणि गॅलरीत होते हजारो. परवानगी देताना त्यांनी `Select photos` दाबून समोर दिसले तेवढे फोटो निवडले होते. अ‍ॅपला तेवढेच दिसत होते आणि ते सगळे खरोखर चढलेले होते. म्हणून नुसतं बाकी शून्य आहे हे बघून समाधान मानू नका. एकूण आकडा गॅलरीतल्या आकड्याशी ताडून बघा. दुरुस्ती अर्ध्या मिनिटाची आहे, Permissions मध्ये जाऊन `Always allow all`.

अ‍ॅपने फोटोतल्या जागेची परवानगी मागितली तर तीही द्या. अँड्रॉइड १० पासून फोटोत लिहिलेली जागा वाचायला अ‍ॅपला वेगळी परवानगी लागते, नाहीतर फोटो येतो पण कुठे काढला ते गळून पडतं. शेतकऱ्याच्या घरी याला फार किंमत आहे. गारपीट झाली, नाल्याचं पाणी सोयाबीनमध्ये शिरलं, तर नुकसान झाल्याचं कळवावं लागतं. ती तक्रार तुम्ही शेतातूनच फोनवरून कराल, त्यात नॅसचा संबंध नाही. पण पुढे वाद झाला की तारीख, वेळ आणि जागा आत लिहिलेला मूळ फोटो हवा असतो. व्हॉट्सअ‍ॅपवरून नेहमीच्या पद्धतीने पाठवलेल्या फोटोतून ही माहिती निघून जाते आणि फोटोही दाबून लहान होतो. नॅसवर मूळ फाइल जशीच्या तशी येते. लावून झाल्यावर शेतातला एक फोटो इमिचमध्ये उघडून त्याची माहिती बघा. नकाशावर तुमचंच शेत दिसलं पाहिजे.

खरी परीक्षा अशी घ्या. संध्याकाळी चारही फोनमधून एकेक फोटो आणि एकेक छोटा व्हिडिओ काढा. अ‍ॅप उघडू नका. नेहमीसारखे फोन चार्जिंगला लावून झोपा. सकाळी फोनमध्ये न बघता कॉम्प्युटरच्या ब्राउझरवर नॅसचा पत्ता उघडा आणि तिथे बघा. अ‍ॅप उघडून बघितलं तर ते उघडल्याबरोबर अपलोड सुरू होईल आणि परीक्षेला अर्थ उरणार नाही. ही परीक्षा आठवडाभराने पुन्हा घ्या. कोणाकडे आयफोन असेल तर त्याला नियम वेगळा: तिथे मागे चालायला वेळ किती द्यायचा ते फोन ठरवतो, म्हणून दोन-चार दिवसांतून एकदा घरच्या वायफायवर अ‍ॅप उघडून थोडा वेळ समोर ठेवायचं.

आता लाईट. तुमच्याकडे इन्व्हर्टर आहे ही चांगली गोष्ट, पण तेवढ्याने नॅस सुरक्षित झाला असं नाही. आधी इन्व्हर्टरच्या मागे किंवा पुढे UPS आणि Normal असं बटण असतं ते UPS वर करा. Normal वर असताना लाईट गेल्यापासून बॅटरीवर यायला जो क्षण लागतो तो पंख्याला चालतो, कॉम्प्युटरला चालत नाही. नॅस चालू ठेवून मेन स्विच पाडून बघा. नॅस रिस्टार्ट झाला तर बटण चुकीचं आहे किंवा त्या इन्व्हर्टरचा वेग कमी आहे, मग मध्ये छोटा यूपीएस लावावा लागेल. राउटरही इन्व्हर्टरवरच घ्या.

मोठी अडचण पुढे आहे. कॉम्प्युटरचा यूपीएस यूएसबी केबलने नॅसला सांगू शकतो की बॅटरी संपत आली, बंद हो. घरगुती इन्व्हर्टर असं काही सांगत नाही. वादळात डीपी जळाली, दोन दिवस लाईट नाही, पंखे-दिवे चालूच, आणि पहाटे केव्हातरी बॅटरी संपते. त्या क्षणी डिस्कवर लिहिणं चालू असेल तर ते अर्ध्यावर तुटतं. एखाद्या वेळी काही होत नाही, डेटाबेस स्वतःला सावरतो. पण दर पावसाळ्यात पुन्हा पुन्हा झालं की कधीतरी फाइल सिस्टिम बिघडते.

यावर उपाय स्वस्तात होतो. एक वायफाय स्मार्ट प्लग घ्या आणि तो इन्व्हर्टरवर नसलेल्या, थेट लाईटीच्या सॉकेटमध्ये लावा. त्यात काही जोडायचं नाही. लाईट असली की तो राउटरवर दिसतो, गेली की गायब होतो. म्हणजे लाईट आहे की नाही हे नॅसला कळण्याची सोय झाली. प्लगचाही पत्ता राउटरमध्ये पक्का करा, नॅसवरून `ping` ला उत्तर देतो का ते बघा, आणि ही छोटी स्क्रिप्ट `/root/light.sh` मध्ये ठेवा:

```
#!/bin/sh
HOST=192.168.1.50
n=0
while [ $n -lt 10 ]; do
  ping -c 1 -W 2 $HOST >/dev/null && exit 0
  n=$((n+1))
  sleep 60
done
/usr/sbin/rtcwake -m off -s 14400
```

रूटच्या क्रॉनटॅबमध्ये, म्हणजे ठरलेल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांच्या यादीत, ही ओळ:

```
*/15 * * * * /bin/sh /root/light.sh
```

दर पंधरा मिनिटांनी नॅस प्लगला हाक मारतो. पहिल्याच हाकेला उत्तर आलं तर काम संपलं. नाही आलं तर मिनिटामिनिटाने दहा वेळा बघतो, म्हणजे पाच मिनिटांसाठी गेलेल्या लाईटीला घाबरून बंद होत नाही. दहाही वेळा उत्तर नाही आलं तर नीट, सगळं लिहून झाल्यावर बंद होतो. तुमच्याकडे लाईट रोज तास-दोन तास जात असेल आणि बॅटरी चांगली असेल, तर १० ऐवजी ६० करा. मग क्रॉनची ओळही दोन तासांची करा, म्हणजे एक फेरी चालू असताना दुसरी सुरू होणार नाही:

```
0 */2 * * * /bin/sh /root/light.sh
```

शेवटच्या ओळीत साधं `shutdown` का नाही, ते समजून घ्या. इन्व्हर्टरवर असताना नॅस नीट बंद झाला आणि थोड्या वेळाने लाईट आली, तर नॅसच्या दृष्टीने वीज कधी गेलीच नव्हती. त्याला पुन्हा सुरू व्हायला काही कारणच मिळत नाही. तो बंद राहतो आणि आठवड्याने कोणीतरी विचारतं, फोटो का दिसत नाहीत? `rtcwake` मदरबोर्डच्या घड्याळात १४४०० सेकंदांचा, म्हणजे चार तासांचा गजर लावून बंद होतं. चार तासांनी नॅस उठतो, प्लग दिसला तर चालू राहतो, नाही दिसला तर पुन्हा झोपतो. दरम्यान इन्व्हर्टरही पूर्ण संपला असेल तर गजर वाजणार नाही. त्यासाठी बायोसमध्ये `Restore on AC Power Loss` शोधा आणि `Power On` करा, म्हणजे लाईट आल्यावर नॅस आपोआप सुरू होईल. जुन्या मदरबोर्डचा नाण्यासारखा सेल बदलून घ्या, तो उतरला की घड्याळ आणि ही सेटिंग दोन्ही जातात. बाजारातला तयार नॅस असता तर हेच काम त्याच्या पॉवर शेड्यूलमधून, रोज ठरलेल्या वेळी सुरू व्हायला सांगून करता आलं असतं.

अपलोड चालू असताना नॅस बंद झाला तर फोटो हरवत नाही. नॅसने मिळालं असं सांगितल्याशिवाय अ‍ॅप फोटो चढला असं धरत नाही, तो पुढच्या वेळी जातो. मात्र अर्धवट राहिलेली फाइल पहिल्यापासून सुरू होते. फोटोला त्याने फरक पडत नाही, पण लग्नातला तीन जीबीचा व्हिडिओ रोज अर्ध्यावर तुटत असेल तर तो कधीच चढणार नाही. असा व्हिडिओ अडकलेला दिसला तर दुपारी लाईट असताना फोन राउटरजवळ ठेवा, अ‍ॅप उघडं ठेवा आणि एकदाचा चढू द्या.

वीज अचानक तुटते आहे का, हे डिस्कच सांगते:

```
smartctl -A /dev/sda
```

यात १९२ क्रमांकाची ओळ, `Power-Off_Retract_Count`, लिहून ठेवा. वर सांगितलेली व्यवस्था नीट चालत असेल तर लाईट गेल्या-आल्यावर हा आकडा वाढत नाही. वाढत असेल तर कुठेतरी अजून झटका बसतो आहे. त्याच यादीत १९४ क्रमांकाला डिस्कचं तापमान असतं. नवतपात आपल्याकडे बाहेरच ४५ अंश असतात, आणि बऱ्याच घरगुती डिस्कची मर्यादा ६० आहे. बंद लोखंडी कपाटात किंवा पत्र्याखालच्या खोलीत नॅस ठेवला तर मे महिन्यात ती मर्यादा गाठायला वेळ लागत नाही. जाड भिंतीच्या खोलीत, जमिनीपासून थोडा वर, मागे हवा खेळेल असा ठेवा. थंड राहील म्हणून कूलरच्या झोतासमोर मात्र ठेवू नका. ती हवा दमट असते आणि तिच्यासोबत येणारे क्षार बोर्डवर बसतात. जुना डेस्कटॉप ४० वॅट खात असेल तर दिवसाला साधारण एक युनिट जातं, तेही हिशेबात धरा.

फोन रिकामे करण्याआधी थांबा. आज तुमच्याकडे फोटो दोन ठिकाणी आहेत, फोनमध्ये आणि नॅसवर. फोनमधून पुसले की एकाच डिस्कवर राहतील, आणि ती डिस्क ज्या घरात आहे तिथे मृगाच्या तोंडावर विजा कडाडतात. म्हणून आधी एक यूएसबी डिस्क आणा आणि आठवड्यातून एकदा जोडून ही कॉपी घ्या:

```
rsync -a /mnt/photos/ /mnt/usb/photos/
```

पत्ते तुमच्या फोल्डरप्रमाणे बदला. इमिच लावताना `UPLOAD_LOCATION` म्हणून दिलेला पूर्ण फोल्डर घ्या, नुसते फोटो नाही. त्यातच `backups` नावाचा फोल्डर असतो आणि इमिच रोज रात्री दोन वाजता डेटाबेसची प्रत त्यात टाकतं. अल्बम आणि नावं परत मिळतात ती त्याच्यामुळे. रात्री दोनला नॅस बंद असेल तर ती प्रत होत नाही, म्हणून तुमच्याकडे लाईट नक्की असते अशी वेळ सेटिंगमध्ये टाका. वर `--delete` मुद्दाम लावलेलं नाही, नाहीतर नॅसवर चुकून पुसलेलं यूएसबी डिस्कवरूनही पुसलं जाईल. कॉपी झाली की डिस्क काढून ठेवा. जोडलेली राहिली तर वीज दोन्ही डिस्क एकदम घेऊन जाईल. दारव्ह्याला किंवा यवतमाळला बहिणीकडे दुसरी डिस्क ठेवून सणावाराला बदलता आली तर फारच उत्तम.

पुसताना कोणत्या अ‍ॅपमधून पुसता याला महत्त्व आहे. फोनच्या साध्या गॅलरीतून पुसलं तर इमिचवरचा फोटो तसाच राहतो. इमिचच्या अ‍ॅपमध्ये नुसतं `Delete` केलं तर नॅसवरचाही जातो. तो ३० दिवस कचरापेटीत असतो आणि मग कायमचा. फक्त फोनमधून काढायचा पर्याय तिथे वेगळा आहे, तो वापरा. सिंकथिंगसारख्या सिंक करणाऱ्या अ‍ॅपने हे काम करू नका. ते मूळ सेटिंगमध्ये दोन्ही बाजू सारख्या ठेवतं, म्हणजे फोन रिकामा केला की नॅसही रिकामा करतं. आणि सगळं एकदम पुसू नका. जुनं एक वर्ष निवडा, त्यातले काही फोटो आणि दोन-तीन लांब व्हिडिओ कॉम्प्युटरवर शेवटपर्यंत चालवून बघा, मगच ते वर्ष फोनमधून काढा.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाही, पण तिच्यात लोकांचे फोटो जातात. गुगल फोटोजमध्ये तुम्ही कधी `Free up space` दाबलं असेल, तर तेव्हाचे फोटो फोनमध्ये नाहीतच, फक्त गुगलकडे आहेत. गॅलरीसारखे दिसतात म्हणून फोनमध्येच आहेत असं वाटतं. इमिच ते घेऊ शकत नाही. ते आणायला गुगल टेकआउटमधून झिप फाइली मागवाव्या लागतात. एका झिपचा आकार ५० जीबीपर्यंत निवडता येतो, पण २ जीबीच ठेवा, तुटली तर तेवढीच पुन्हा घ्यावी लागते. डाउनलोडची लिंक थोडेच दिवस चालते आणि सिमवाल्या नेटवर तेवढ्यात पूर्ण होणार नाही, म्हणून यूएसबी डिस्क घेऊन तालुक्याला फायबर असलेल्या कोणाकडे तरी बसा. झिप सोडवून फोटो तसेच टाकले तर बऱ्याच फोटोंच्या तारखा चुकतात, कारण गुगल ती माहिती शेजारच्या वेगळ्या फाइलीत देतं. `immich-go` नावाचं साधन त्या फाइली वाचून फोटो बरोबर तारखेला लावतं. हे होईपर्यंत गुगलच्या खात्यातून एकही फोटो पुसू नका. आणि फोन ज्या दिवशी रिकामा करायला घ्याल, त्याच्या आधी गुगल फोटोजचं बॅकअप बंद करा. ते चालू असताना त्याच अ‍ॅपमधून फोटो पुसला तर तो फोनमधून आणि गुगलवरून, दोन्हीकडून जातो.